अंदाज चुकतोच, मग करायचा कशाला? पहिल्या वर्षाच्या मुलांचे नेहमीचे प्रश्न

ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या पहिल्या आठवड्यात मी वर्गात एक छोटं भाषण देते. त्याचं पहिलंच वाक्य असतं: "अंदाज नेहमी चुकतो, हे धरूनच चाला." मुलं आधी हसतात. तास संपला की मात्र दाराशी घोळका जमतो, आणि दरवर्षी प्रश्न साधारण तेच असतात. ते इथे उत्तरांसकट लिहून ठेवले आहेत.

सगळीकडे उदाहरण एकच घेतलं आहे, कॉलेजच्या फाटकाबाहेरची वडापावची गाडी. गाडी चालवणाऱ्या मावशी रात्री बेकरीवाल्याला उद्याचे पाव सांगतात आणि पहाटे पाव येतात. दिवसभरात परत पाव मिळत नाहीत, आणि संध्याकाळी उरलेला पाव दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला देता येत नाही. वडे मात्र लागतील तसे तळता येतात. एक पाव 3 रुपयांना पडतो, वडा, चटणी आणि तेल मिळून 8 रुपये, आणि वडापाव विकला जातो 18 रुपयांना. आकडे शिकवण्यासाठी मी बसवले आहेत. तुमच्या गावात भाव वेगळा असेल, हिशेबाची रीत बदलत नाही.

"नेहमी चुकतो" म्हणजे एकदाही बरोबर येत नाही का?

मावशींच्या मागच्या महिन्याच्या वहीवरून उद्याचा अंदाज निघाला 200 पाव. पुढचे दहा दिवस खरी मागणी किती होती ते बघा:

190, 226, 176, 208, 236, 184, 202, 168, 214, 196.

एकाही दिवशी 200 आलेले नाहीत. बेरीज केलीत तर बरोबर 2000 होते, म्हणजे सरासरी 200. तर अंदाज दहाच्या दहा दिवस चुकला आणि तरी तो उत्तम होता. ही दोन्ही विधानं एकदम खरी आहेत, आणि ते पचायला जरा वेळ लागतो.

असं का होतं? उद्या वडापाव खायचा की नाही हे दोनअडीचशे माणसं आपापल्या कारणाने ठरवणार असतात. कुणाचा डबा आला आहे, कुणाचं प्रॅक्टिकल लांबलं, कुणाच्या खिशात वीस रुपये नाहीत. ही कारणं मावशींच्या वहीत कधीच येणार नाहीत. वहीतून कळतो तो या सगळ्या गर्दीचा मध्य. प्रत्येक दिवस त्या मध्याच्या अलीकडे किंवा पलीकडेच पडणार. एखाद्या दिवशी नेमके 200 आले असते तरी तो योगायोग म्हणायचा. त्यावरून अंदाज करणाऱ्याला शाबासकी देऊ नका.

मग चुकणार हे माहीत असलेल्या आकड्याचा उपयोग काय?

उपयोग मोजायचा तर चुकीची किंमत रुपयांत काढावी लागते. मावशींच्या धंद्यात चूक दोन प्रकारची आहे. पाव उरला तर 3 रुपये गेले. पाव कमी पडला तर गिऱ्हाईक परत गेलं, म्हणजे 18 मधून 3 आणि 8 वजा जाऊन राहणारा 7 रुपयांचा नफा बुडाला.

आता त्या दहा दिवसांत रोज ठरावीक पाव मागवले असते तर काय झालं असतं?

रोज 180 मागवले असते तर दोन दिवशी मिळून 16 पाव उरले असते आणि आठ दिवशी मिळून 216 गिऱ्हाइकं परत गेली असती. 48 आणि 1512, एकूण 1560 रुपयांचा फटका. "कमी पडायलाच नको" म्हणून रोज 240 घेतले असते तर एकही गिऱ्हाईक परत गेलं नसतं, पण 400 पाव उरले असते, म्हणजे 1200 रुपये. अंदाजाप्रमाणे रोज 200 घेतले असते तर 86 पाव उरले असते आणि 86 कमी पडले असते. 258 आणि 602, एकूण 860.

रोज चुकणाऱ्या अंदाजाने दहा दिवसांत भीतीपोटी जास्त घेणाऱ्यापेक्षा 340 रुपये वाचवले, आणि हात आखडणाऱ्यापेक्षा 700. अंदाजाची तुलना अचूक भविष्याशी करायची नसते, कारण ते कुणालाच मिळत नाही. अंदाज नसता तर तुम्ही काय केलं असतं, त्याच्याशी तुलना करा. भाषणातली ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी मला चालेल.

मॅडम, तुम्ही फळ्यावर अंदाज 200 लिहिलात आणि पाव 210 मागवायला सांगितलेत. अंदाज फुगवला की नाही?

नाही. इथे सगळ्यात जास्त मुलं अडकतात, म्हणून सावकाश सांगते.

200 हा अंदाज आहे. किती पाव मागवायचे हा निर्णय आहे. दोन्हींचा आकडा एकच असला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. कमी पडण्याची किंमत 7 आणि उरण्याची 3 असेल, तर शहाणा माणूस थोडं जास्तच मागवेल. किती जास्त, याचा हिशेब सोपा आहे. एकेक पाव वाढवत चला आणि दर वेळी विचारा: हा पुढचा पाव विकला जाण्याची शक्यता किती? विकला गेला तर 7 मिळणार, पडून राहिला तर 3 जाणार. शक्यता 30 टक्क्यांच्या वर असेपर्यंत वाढवत राहायचं. दुसऱ्या शब्दांत, दहापैकी सात दिवस पुरतील इतके पाव हवेत. 7 भागिले (7 अधिक 3), म्हणजे 0.7. पुस्तकात याला क्रिटिकल रेशो म्हणतात.

दहा दिवसांची मागणी चढत्या क्रमाने मांडा: 168, 176, 184, 190, 196, 202, 208, 214, 226, 236. सातवा आकडा 208 आणि आठवा 214. या दोघांच्या मधला कुठलाही आकडा चालतो. हवं तर दोन्ही टोकं करून बघा, फटका सारखाच येतो, 760 रुपये. बेकरीत सहा पावांची लादी मिळते, त्यामुळे 35 लाद्या म्हणजे 210 सोयीचे पडतात. 200 वर 860 चा फटका होता, 210 वर तो 760 झाला. शंभर रुपये वाचले, तेही अंदाज तसूभरही न सुधारता. फक्त तो कुठल्या बाजूला आणि किती चुकतो याकडे लक्ष दिलं.

म्हणून परीक्षेत किंवा नोकरीत कुणी नुसता "अंदाज 200" असा एकच आकडा दिला तर तो अर्धवट समजा. "साधारण 200, पण बहुतेक दिवस 175 ते 225 च्या आत" हे कामाचं वाक्य. 210 चा निर्णय या दुसऱ्या भागातून निघाला, पहिल्यातून नाही.

ही कल्पना काही माझी किंवा कुठल्या मॅनेजमेंट गुरूची नाही. 1888 मध्ये एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने बँकेने गल्ल्यात किती रोकड ठेवावी, या प्रश्नाला हाच विचार लावला होता. पुढे पेपर विकणाऱ्याच्या नावाने हे कोडं पुस्तकांत रुळलं, कारण कालचा पेपरही आज रद्दीच असतो.

आणखी एक बजावते. निर्णयात वाढवलेले 10 पाव पुन्हा अंदाजात मिसळू नका. मोठ्या कंपन्यांत हे सर्रास होतं. सेल्सवाला आपल्या सुरक्षेसाठी थोडं वाढवून सांगतो, त्यावर गोदामवाला थोडं वाढवतो, मग खरेदीवाला. शेवटी मूळ अंदाज काय होता ते कुणालाच सांगता येत नाही, आणि गोदाम मात्र भरलेलं असतं.

एवढं कशाला करायचं? काल जितके लागले तितकेच आज मागवावेत.

पुष्कळ दुकानदार हेच करतात, आणि काही ठिकाणी ते चालतंही. आपल्या गाडीवर लावून बघू. पहिल्या दिवशी 190 लागले, म्हणून दुसऱ्या दिवशी 190 मागवले, पण लागले 226. 36 जण परत गेले. मावशी हळहळल्या आणि तिसऱ्या दिवशी 226 घेतले. लागले 176, पन्नास पाव उरले. चौथ्या दिवशी 176 घेतले तर लागले 208.

असं दुसऱ्यापासून दहाव्या दिवसापर्यंत केलं तर नऊ दिवसांत 160 पाव कमी पडतात आणि 154 उरतात. रुपयांत 1120 आणि 462, एकूण 1582. त्याच नऊ दिवसांत डोळे झाकून रोज 210 घेतले असते तर फटका होता 700. म्हणजे रोज ताजी माहिती वापरणाऱ्या मावशींचं दुपटीहून जास्त नुकसान झालं.

कारण असं की कालच्या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, मागणीची खरी पातळी आणि कालच्या दिवसाची लहर. काल 226 लागले त्यातले 26 कालच्यापुरते होते. ते उद्यासाठी धरले की कालची लहर उद्याच्या माथी मारली जाते, आणि उद्याची स्वतःची लहर असतेच. दोन लहरींचा फरक सोसावा लागतो. सरासरी घेतली की लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात.

अर्थात पातळीच हलत असेल, म्हणजे मागणी आठवड्यागणिक चढते किंवा उतरते आहे असं दिसत असेल, तर जुनी लांबलचक सरासरी मागे राहते आणि ताज्या दिवसांना जास्त वजन द्यावं लागतं. एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगमध्ये नेमकं हेच वजन किती द्यायचं ते ठरवतात. ते दुसऱ्या युनिटमध्ये येईल.

सगळेच अंदाज चुकतात तर चांगला अंदाज आणि वाईट अंदाज यांत फरक काय राहिला?

दोन गोष्टी बघायच्या. चूक केवढी, आणि चूक कुठल्या बाजूला.

केवढी, हे काढणं सोपं आहे. रोजचा फरक घ्या, अधिक-उणे चिन्ह सोडा आणि सरासरी काढा. आपल्या दहा दिवसांत तो फरक 10, 26, 24, 8, 36, 16, 2, 32, 14 आणि 4 आहे. बेरीज 172, सरासरी 17.2. पुस्तकात याला मॅड म्हणतात. 200 च्या मानाने ही चूक नऊ टक्क्यांच्या आत आहे. दहा दिवसांतल्या पाच दिवशी मागणी 200 च्या वर होती, पाच दिवशी खाली. चिन्हासकट बेरीज केली तर शून्य. निरोगी अंदाज असा चुकतो.

आता पुढचे सहा दिवस घ्या. अंदाज तोच 200, मागणी आली 186, 178, 190, 172, 181, 175. फरक: उणे 14, उणे 22, उणे 10, उणे 28, उणे 19, उणे 25. यातली एकही चूक आधीच्या चुकांच्या मानाने मोठी नाही. सरासरी चूक साधारण 19.7 येते, म्हणजे आधीच्या 17.2 च्या आसपासच. जो फक्त "किती टक्के चुकलं" एवढंच बघतो, त्याला काही बिघडलंय असं वाटणारच नाही. पण सहाच्या सहा चुका एकाच बाजूला आहेत. चिन्हासकट बेरीज उणे 118, तिला 19.7 ने भागलं की उणे 6. या भागाकाराला ट्रॅकिंग सिग्नल म्हणतात. तो अधिक 4 आणि उणे 4 यांच्या बाहेर गेला की अंदाजाची पद्धत तपासायला घ्यायची, असा साधारण प्रघात आहे.

इथे काय झालं असेल? पलीकडच्या गल्लीत दुसरी गाडी लागली असेल, किंवा तिसऱ्या वर्षाची मुलं इंटर्नशिपला गेली असतील. ते आकडे सांगणार नाहीत, चौकशी करावी लागेल. आकडे इतकंच सांगतात की ही लहर नाही, पातळी बदलली आहे.

आलटून पालटून चुकणारा अंदाज मला चालतो, कारण त्याच्यासाठी थोडे जास्त पाव ठेवता येतात. एकाच बाजूला चुकणारा अंदाज मला चालत नाही. बहुतेक वेळा त्यामागे कुणाचा तरी स्वार्थ किंवा भाबडी आशा असते, आणि ती सूत्राने दुरुस्त होत नाही.

आमच्याकडे विक्रीचा सगळा डेटा आहे. त्यावरून अंदाज काढला तर तो बरोबर येईल ना?

आधी सांगा, तो विक्रीचा आहे की मागणीचा?

समजा मावशींनी रोज 210 पाव घेतले. 236 गिऱ्हाइकं आली त्या दिवशी वहीत काय लिहिलं गेलं? 210. कारण पाव संपले तिथे नोंद संपली. उरलेली 26 माणसं शेजारच्या टपरीवर गेली आणि त्यांचा कुठेही हिशेब राहिला नाही. 226 चे 210 झाले, 214 चे 210 झाले. दहा दिवसांची बेरीज 2000 ऐवजी 1954 झाली आणि सरासरी 195 वर आली.

पुढच्या महिन्यात हाच 195 अंदाज धरला जाईल. पाव त्या मानाने कमी मागवले जातील, ते आणखी लवकर संपतील, आणि वहीतली सरासरी आणखी उतरेल. दर महिन्याला अंदाज वहीशी छान जुळत जाईल आणि गाडी हळूहळू आकसत जाईल. बाहेरून बघणारा म्हणेल, "मावशींचा धंदा बसतोय, पण अंदाज काय अचूक आहे!" मला विचाराल तर या विषयातला हा सगळ्यात कपटी सापळा आहे, कारण यात चूक दिसतच नाही. रोज पाव संपतात म्हणून मालकही खूश असतो.

उपाय साधा आहे. पाव संपले त्या दिवशी किती वाजता संपले ते वहीत लिहायचं. गाडी सात वाजेपर्यंत असते आणि पाव साडेपाचला संपले, तर उरलेल्या दीड तासात एरवी किती विकले जातात हे इतर दिवसांवरून कळतं, तेवढे मिळवायचे. तेही जमत नसेल तर किमान त्या तारखेपुढे फुली मारा, म्हणजे सरासरी काढणाऱ्याला समजेल की हा आकडा "निदान एवढे" असा वाचायचा.

मावशींची चूक नऊ टक्के आणि बेकरीवाल्याची त्याहून कमी, असं तुम्ही म्हणालात. बेकरीवाला जास्त हुशार आहे का?

हुशार असेलही, पण कारण ते नाही. बेकरीवाला समजा अशा नऊ गाड्यांना पाव देतो. एका गाडीवर आज 30 जास्त लागले तर दुसरीवर 20 कमी लागतात. बेरजेत चुका एकमेकींत जिरतात. प्रत्येक गाडीची लहर स्वतंत्र असेल तर मागणी नऊपट होते, पण चुकांचा पसारा नऊचं वर्गमूळ म्हणजे तिप्पटच होतो. त्यामुळे टक्केवारीत चूक एक तृतीयांशावर येते. म्हणून कंपन्या आधी सगळ्या दुकानांचा किंवा सगळ्या रंगांचा मिळून अंदाज करतात आणि वाटणी शक्य तितकी उशिरा ठरवतात.

"स्वतंत्र असेल तर" यावर मात्र सगळं उभं आहे. सकाळी धो धो पाऊस पडून लोकल बंद झाल्या तर नऊच्या नऊ गाड्यांवर गिऱ्हाईक एकदम कमी होतं. त्या दिवशी बेकरीवाल्याच्या चुका जिरत नाहीत, साठतात.

हवामान खात्याचं काय? त्यांचा मान्सूनचा अंदाज तर सगळ्यांसमोर चुकतो.

हा प्रश्न आला नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही. भारतीय हवामान विभाग एप्रिलमध्ये जून ते सप्टेंबरच्या पावसाचा अंदाज देतो, तो संपूर्ण देशाचा आणि दीर्घकालीन सरासरीच्या टक्केवारीत. ही सरासरी सध्या 87 सेंटिमीटर धरली जाते. आकड्यासोबत दर वेळी एक वाक्य असतं, चुकीची मर्यादा अधिक-उणे 5 टक्के. बातमीच्या मथळ्यात नेमकं तेच गळून पडतं.

2023 मध्ये एप्रिलचा अंदाज होता 96 टक्के, पाऊस झाला 94. मर्यादेच्या आत. 2019 मध्येही एप्रिलचा अंदाज 96 होता, पाऊस झाला 110. मर्यादेच्या बराच बाहेर. 2009 मध्ये 96 सांगितले होते आणि 78 टक्क्यांवर दुष्काळ पडला. तर अंदाज कधी कधी स्वतःच सांगितलेल्या मर्यादेबाहेरही चुकतो, हे झाकायचं कारण नाही. जो कुणी कधीच मर्यादेबाहेर जात नाही, त्याने मर्यादाच इतकी रुंद ठेवलेली असते की तिच्यावरून काही ठरवता येत नाही.

पण 2023 कडे आणखी एकदा बघा. देशाचा हंगामाचा आकडा जवळजवळ बरोबर आला, आणि त्याच हंगामातला ऑगस्ट 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीपेक्षा 36 टक्के कमी पाऊस. ज्याचं सोयाबीन त्या महिन्यात फुलोऱ्यात होतं त्याला 94 टक्क्यांचं काय कौतुक? बेकरीवाल्याची आणि मावशींची गोष्टच ही. चार महिने आणि अख्खा देश यांच्या बेरजेत चुका जिरतात, एका तालुक्याच्या तीन आठवड्यांत जिरत नाहीत. एप्रिलचा आकडा धान्याचा साठा, धरणांचं नियोजन, बियाण्यांची तरतूद अशा मोठ्या बेरजेच्या निर्णयांसाठी आहे. पेरणी कुठल्या दिवशी करायची ते त्याच्यावरून ठरवलं तर चूक अंदाजाची नाही, वापरणाऱ्याची आहे. त्यासाठी चार-पाच दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज बघायचा. तोही चुकतो, पण जवळचा असल्याने कमी चुकतो.

हे एक्सेलमध्ये कसं करायचं?

दहा दिवसांची मागणी B2 ते B11 मध्ये लिहा. पहिल्या सूत्राने सरासरी चूक मिळेल, दुसऱ्याने मागवायचे पाव.

```
=SUMPRODUCT(ABS(B2:B11-200))/10
=PERCENTILE.INC(B2:B11,0.7)
```

उत्तरं 17.2 आणि 209.8. लादीच्या हिशेबाने 210. खऱ्या कामात दहा दिवस फार कमी आहेत, निदान दोन-तीन महिन्यांची नोंद घ्या आणि शनिवार वेगळा काढा. आणि ज्या दिवसांवरून 210 काढले, त्याच दिवसांवर ते तपासून पाठ थोपटून घेऊ नका. पुढच्या, आधी न बघितलेल्या दिवसांवर तपासा. तिथे फटका थोडा जास्तच दिसेल.

परीक्षेला यातलं काय येतं?

क्रिटिकल रेशो येतो, मॅड येतो, ट्रॅकिंग सिग्नल हमखास येतो. चिन्ह विसरलात तर मार्क जातात.

आणखी चांगला अंदाज मिळवायला किती खर्च करावा?

हा प्रश्न फार थोडी मुलं विचारतात. जी विचारतात त्यांच्यावर मी लक्ष ठेवते.

210 पावांवर दहा दिवसांचा फटका 760 रुपये होता, म्हणजे दिवसाला 76. उद्या कुणी त्रिकालज्ञानी भेटला आणि रोजचा नेमका आकडा सांगू लागला, तरी त्याच्यामुळे मावशींचे दिवसाला जास्तीत जास्त 76 रुपयेच वाचणार. मग रोज 100 रुपये पडणारं अंदाजाचं सॉफ्टवेअर कितीही भारी असलं तरी या गाडीसाठी तोट्याचंच. बेकरीवाल्याचं गणित वेगळं येईल, आणि औषधाच्या कारखान्याचं तर फारच वेगळं. आधी चुकीची किंमत काढायची, मग अचूकतेवर पैसे घालायचे. लोक हे उलट्या क्रमाने करतात.

त्यातही फुकट मिळणारी माहिती आधी घ्यावी. त्या दहा दिवसांत 168 आणि 176 चे दिवस कुठले होते? कदाचित त्या दिवशी एखाद्या वर्षाला सुट्टी होती. 236 च्या दिवशी कदाचित गॅदरिंगची तालीम होती. कॉलेजचं वेळापत्रक नोटीस बोर्डावर लागलेलंच असतं. मावशींनी आठवड्याला एकदा आत येऊन ते बघितलं, किंवा शिपाई काकांना विचारलं, तर 76 मधले थोडेफार रुपये एक पैसाही न घालता वाचतील. राहिलेल्या चुकीसाठी 35 लाद्या आहेतच.